आयव्ही ली पद्धत : उद्यासाठी फक्त सहा कामे आणि राहिलेल्या कामांचा हिशेब

आयव्ही ली पद्धत ही रोजच्या कामांची आखणी करण्याची एक जुनी आणि साधी रीत आहे. दिवस संपताना दुसऱ्या दिवशीची जास्तीत जास्त सहा कामे लिहायची, त्यांना महत्त्वानुसार एक ते सहा क्रमांक द्यायचे आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या क्रमांकापासून एकेक काम संपवत जायचे. संध्याकाळी जी कामे राहतील ती उद्याच्या सहांमध्ये आधी धरायची आणि उरलेल्या जागांपुरतीच नवी कामे घ्यायची. कागद आणि पेन यांपलीकडे या पद्धतीला काही लागत नाही.

नाव कुठून आले?

आयव्ही लेडबेटर ली (१८७७–१९३४) हे अमेरिकेतील जनसंपर्क व्यवसायाच्या सुरुवातीच्या काळातील मोठे नाव. पेनसिल्व्हेनिया रेल्वे आणि रॉकफेलर कुटुंब हे त्यांचे ग्राहक होते. त्यांच्या नावाने सांगितली जाणारी गोष्ट अशी : बेथलेहेम स्टील कंपनीचे प्रमुख चार्ल्स श्वाब यांना आपल्या अधिकाऱ्यांकडून जास्त काम व्हावे असे वाटत होते. ली यांनी प्रत्येक अधिकाऱ्याला काही मिनिटे भेटून ही सहा कामांची रीत सांगितली आणि फी ठरवली नाही. उपयोग झाला असे वाटले तर योग्य वाटेल तेवढी रक्कम पाठवा, असे ते म्हणाले. काही महिन्यांनी श्वाब यांनी २५,००० डॉलरचा धनादेश पाठवला.

ही घटना बहुतेक ठिकाणी १९१८ सालची म्हणून दिली जाते. मात्र पुस्तकागणिक तिचे तपशील बदलतात. त्यामुळे धनादेशाचा आकडा हा आख्यायिकेचा भाग समजलेला बरा. पद्धत उपयोगी आहे की नाही, हे त्या आकड्यावर ठरत नाही.

पद्धतीचे नियम

पहिला नियम संख्येचा. कामे सहापेक्षा जास्त घ्यायची नाहीत, कमी चालतील. सहा या आकड्यामागे कोणतेही शास्त्र नाही. सहा कामे एका नजरेत मावतात आणि सातवे लिहायचे तर आधीच्यांपैकी एक खोडावे लागते, एवढेच त्याचे महत्त्व.

दुसरा नियम क्रमाचा. सुचेल तसे १, २, ३ लिहीत जाणे म्हणजे क्रम लावणे नव्हे. आधी कामे लिहायची आणि मग दोन-दोन कामे समोरासमोर ठेवून विचारायचे : उद्या यांतले एकच होणार असेल, तर कोणते व्हायला हवे? दर वेळी जिंकणारे काम वर सरकते.

तिसरा नियम एका वेळी एकच काम. पहिले संपल्याशिवाय, किंवा ते आपल्या हातून पुढे सरकण्यासारखे उरले नाही असे झाल्याशिवाय, दुसरे उघडायचे नाही. मानवी वर्तनाच्या अभ्यासक सोफी लरॉय यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात दिसले की अर्धवट काम सोडून दुसऱ्याकडे वळल्यावर मनाचा काही भाग आधीच्या कामातच अडकून राहतो आणि नव्या कामाचा दर्जा घसरतो.

चौथा नियम शिल्लक पुढे ओढण्याचा. इतर याद्यांपेक्षा ही पद्धत वेगळी ठरते ती इथेच.

शिल्लक पुढे ओढणे म्हणजे काय?

रोजकीर्द लिहिणारा माणूस दररोज दुकानातली सगळी रक्कम नव्याने ठरवत नाही. कालची अखेरची शिल्लक ही आजची आरंभीची शिल्लक असते आणि त्यापुढे आजचे व्यवहार लिहिले जातात. कामांचेही इथे तसेच आहे. आज सहापैकी चार राहिली, तर उद्याच्या यादीत चार जागा आधीच भरल्या. नव्या कामांसाठी दोनच जागा उरल्या.

दररोज संपूर्ण यादी नव्याने लिहिली की दोन गोष्टी घडतात. नकोसे वाटणारे काम 'विसरून' गळून पडते आणि ते गळाल्याचा कुठेही पुरावा राहत नाही. शिवाय यादी दररोज ताजी दिसत असल्याने आपण रोज किती कामे उगाच अंगावर घेतो, हे लक्षात येत नाही. शिल्लक पुढे ओढली की हे दोन्ही डोळ्यांसमोर येते. त्यासाठी काम पुढे नेताना त्यापुढे एक छोटी रेघ मारावी. तीन रेघा म्हणजे काम तीनदा पुढे गेले.

काम पुढे गेले तरी त्याचा जुना क्रमांक सोबत जात नाही. उद्याच्या गरजेनुसार सगळ्या सहा कामांचा क्रम पुन्हा लावायचा असतो.

एक उदाहरण

जुलैच्या मध्यावर एका छोट्या कर सल्लागाराच्या कार्यालयातली लेखापाल सोमवारी संध्याकाळी यादी करते आहे, असे समजू. महिन्याचे जीएसटी विवरणपत्र २० तारखेपर्यंत भरायचे आहे आणि आयकर विवरणपत्रांचीही घाई सुरू आहे. तिची मंगळवारची यादी अशी :

१. हार्डवेअर दुकानाची खरेदीची बिले जीएसटी पोर्टलवरच्या नोंदींशी ताळून पाहणे
२. एका ग्राहकाला आलेल्या नोटिशीच्या उत्तराचा मसुदा
३. दोन पगारदारांची आयकर विवरणपत्रे
४. औषध दुकानाच्या बँक खात्याच्या नोंदी
५. थकलेल्या फीसाठी तिघांना फोन
६. मागच्या वर्षीच्या फायली लावणे

मंगळवारी बिलांचा ताळा बसायला तिला दोन तास पुरतील असे वाटले होते, साडेतीन लागले. काही बिले पोर्टलवर दिसतच नव्हती आणि ती एकेक शोधावी लागली. जेवणानंतर नोटिशीचा मसुदा झाला. तिसऱ्या कामातले एक विवरणपत्र भरून झाले, पण दुसऱ्या ग्राहकाने फॉर्म १६ दिलेलाच नव्हता. तोवर सहा वाजले.

आता शिल्लक पाहू. चौथे, पाचवे आणि सहावे काम जसेच्या तसे पुढे जाते. तिसऱ्यातले उरलेले विवरणपत्र मात्र तसेच उतरवून उपयोग नाही, कारण कागदाशिवाय ते हलणार नाही. म्हणून त्याच्या जागी 'फॉर्म १६ साठी फोन' असे प्रत्यक्ष करता येण्यासारखे काम लिहिले जाते. चार जागा भरल्या.

दिवसभरात तीन नवी कामे आलेली असतात : ताळा झालेले हार्डवेअर दुकानाचे विवरणपत्र भरणे, एका ग्राहकाच्या कर्जासाठी गुरुवारपर्यंत कागद तयार करणे आणि कार्यालयासाठी नवा प्रिंटर पाहणे. जागा दोनच असल्याने प्रिंटर वहीच्या मागच्या पानावरच्या साठवणीच्या यादीत जातो. बुधवारची यादी अशी बनते :

१. फॉर्म १६ साठी फोन
२. हार्डवेअर दुकानाचे विवरणपत्र भरणे
३. कर्जाचे कागद
४. औषध दुकानाच्या नोंदी –
५. फीसाठी फोन –
६. फायली लावणे –

फोन दोन मिनिटांचा असूनही पहिला आहे, कारण त्यानंतर समोरच्या माणसाला कागद शोधायला वेळ लागणार आहे. दुसऱ्याच्या हालचालीवर अवलंबून असलेले काम सकाळीच सुरू करून दिले की तो वेळ आपल्या इतर कामांच्या मागे निघून जातो.

शुक्रवारी संध्याकाळी 'फायली लावणे' पुढे तीन रेघा झालेल्या असतात. अशा कामाबाबत निर्णय घ्यायचा. मोठे असेल तर तुकडा करायचा ('सोमवारी फक्त वरचा कप्पा'), दुसऱ्याकडे देता येत असेल तर द्यायचे, ठरावीक दिवसाचे असेल तर ती तारीख लिहून साठवणीत टाकायचे, नाहीतर सरळ खोडायचे. चौथी रेघ मारायची नाही. हा तीन रेघांचा दंडक मूळ गोष्टीत नाही, पण त्यावाचून यादीच्या तळाशी गाळ साचतो.

यादी रात्री का करायची?

सकाळी कामाला बसल्यावर क्रम ठरवू लागलो, तर ताजे मेसेज आणि ईमेल आपोआप वर चढतात. आदल्या संध्याकाळी दिवसाचे चित्र डोळ्यांसमोर असते आणि घाई ओसरलेली असते.

याला झोपेच्या अभ्यासाचाही एक आधार आहे. अमेरिकेतील बेलर विद्यापीठातील मायकेल स्कलिन आणि सहकाऱ्यांनी ५७ तरुणांवर केलेला प्रयोग २०१८ साली प्रसिद्ध झाला. झोपण्यापूर्वी पाच मिनिटे काहींनी पुढच्या दिवसांत करायची कामे लिहिली, तर काहींनी झालेली कामे. करायची कामे लिहिणाऱ्यांना सरासरी नऊ मिनिटे लवकर झोप लागली आणि ज्यांची यादी जास्त नेमकी होती त्यांना आणखी लवकर. प्रयोग लहान होता आणि त्यात सहा कामांची अट नव्हती, पण उद्याचे काम कागदावर उतरल्यावर ते डोक्यात घोळत राहणे कमी होते, या अनुभवाशी तो जुळतो.

बिघडते कुठे, आणि ते कसे ओळखावे?

रोज दुपारपर्यंत सहाही कामांवर खूण होत असेल, तर यादीत किरकोळ कामेच भरली आहेत. 'वीजबिल भरणे' आणि 'ईमेल पाहणे' यांना सहांत जागा देण्याची गरज नसते.

उलट, पहिलेच काम तीन-चार दिवस पहिलेच राहत असेल, तर ते बहुधा काम नसून प्रकल्प आहे. 'घराचे नूतनीकरण' एका दिवसात होत नाही, 'सुताराकडून दरपत्रक मागवणे' होते. यादीतले प्रत्येक काम एका बैठकीत संपेल एवढे असावे.

आणि रोज फक्त दोन कामे होऊन चार पुढे जात असतील, तर दोष आळसाचा नसून अंदाजाचा असू शकतो. अशा वेळी आठवडाभर चारच कामे लिहून पाहावीत.

काही व्यवसायांत ही पद्धत पूर्ण लागू होत नाही. रुग्णालयातली परिचारिका, तक्रार खिडकीवरचा कर्मचारी किंवा लहान मुलांचे पालक यांचा दिवस दुसऱ्यांच्या गरजांनुसार चालतो. त्यांनी हातात खरोखर उरणाऱ्या वेळेपुरती एक-दोन कामे लिहिणे शहाणपणाचे. तसेच ही यादी फक्त उद्याचा विचार करते. महिन्याच्या तारखा, मुदती आणि लांबची कामे यांसाठी कॅलेंडर आणि साठवणीची यादी वेगळी ठेवावीच लागते. संध्याकाळी सहा कामे निवडताना आधी त्या दोन्हींवर नजर टाकली नाही, तर अगदी नीट क्रम लावलेल्या यादीतूनही २० तारीख निसटू शकते.