इसवी सन १९०० चा एकोणतीस फेब्रुवारी : एका मतदानाचा दफ्तरी इतिहास

ज्यांनी हयातीत कधी ना कधी एखाद्या समितीच्या बैठकीचे इतिवृत्त वाचले आहे, त्यांना ठाऊक असेल की भांडण सभागृहात होते आणि निकाल कागदावर उरतो. आंतरराष्ट्रीय मानके ठरवणाऱ्या मंडळांची इतिवृत्ते या बाबतीत फार मोकळी असतात. तेथे प्रत्येक हरकतीचा एक तक्ता असतो : कोणत्या देशाने मांडली, मसुद्याच्या कोणत्या कलमावर, ती सर्वसाधारण की तांत्रिक की केवळ शब्दशुद्धीची, बदल काय सुचवला आणि शेवटच्या रकान्यात निर्णय. ‘मान्य’, ‘तत्त्वतः मान्य’, ‘अंशतः मान्य’, ‘अमान्य’, ‘नोंद घेतली’ हे त्या रकान्यातले ठरलेले शब्द. ‘तत्त्वतः मान्य’ याचा अर्थ तुमचे दुखणे खरे, पण औषध आमचे, असा घ्यावा. आज आम्ही अशाच एका प्रकरणाकडे वळत आहोत. त्याचा भाषांशी संबंध आहे, आपल्या देशाच्या मताशीही आहे.

‘ऑफिस ओपन एक्सएमएल’ म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या वर्ड-एक्सेलमधील कागदपत्रे साठवण्याची पद्धत. एक्मा या युरोपीय मानक संस्थेने डिसेंबर २००६ मध्ये ती स्वीकारली आणि सुमारे सहा हजार पानांचा तो मजकूर जलद मार्गाने आयएसओकडे धाडला. पाच महिन्यांच्या मतदानाची मुदत २ सप्टेंबर २००७ रोजी संपली. ८७ राष्ट्रीय संस्थांनी आपापली मतपत्रे पाठवली होती. त्यांत ५१ अनुकूल, १८ प्रतिकूल, १८ तटस्थ.

वरवर पाहता हा विजय दिसतो; नियमांच्या दृष्टीने तो पराभव होता. दोन कसोट्या एकाच वेळी पार कराव्या लागत. संयुक्त तांत्रिक समितीच्या पूर्ण सहभागी सदस्यांपैकी किमान दोन-तृतीयांश मते अनुकूल हवीत, आणि सर्व मतांपैकी प्रतिकूल मते एक-चतुर्थांशाहून अधिक नकोत. दोन्हीकडे तटस्थ मते हिशेबातून वगळली जातात. पूर्ण सहभागी सदस्यांत ३२ पैकी १७ अनुकूल निघाले, म्हणजे ५३ टक्के. लागत होते २२. दुसऱ्या कसोटीत ६९ पैकी १८ विरोधी, म्हणजे २६ टक्के. एक मत कमी असते तर ती कसोटी पार झाली असती. तटस्थांना मोजले असते तर १८ ला ८७ ने भागून प्रमाण २१ टक्क्यांखाली आले असते. तटस्थ राहणारा कोणाच्याच बाजूचा नसतो असे आपण म्हणतो खरे. येथे त्याच्या मौनाने छेद लहान होऊन विरोधाचे वजन वाढले. भारताचे मत, आपल्या मानक ब्यूरोमार्फत, विरोधात होते.

मतपत्रांबरोबर ३,५२२ हरकती आल्या. पुनरुक्ती काढल्यावर १,०२७ उरल्या. एक्माने त्या प्रत्येकीला लेखी उत्तर दिले, आणि २५ ते २९ फेब्रुवारी २००८ या पाच दिवसांत जिनिव्हात त्या उत्तरांचा निवाडा करण्यासाठी शंभराहून अधिक प्रतिनिधी बसले. एक हजार सत्तावीस बाबी, पाच दिवस. भागाकार वाचकांनीच करावा. प्रत्यक्ष चर्चा थोड्याच बाबींवर झाली. उरलेल्यांवर प्रतिनिधिमंडळांनी कागदावर पसंती वा नापसंती लिहून दिली आणि ती मोजून निर्णय नोंदले गेले. हे नियमबाह्य होते असे आमचे म्हणणे नाही. पण वादाने मिटलेली हरकत आणि गठ्ठ्याने मिटवलेली हरकत यांत भेद आहे, आणि शेवटच्या रकान्यात दोन्हींपुढे शब्द एकच येतो.

आता एक हरकत तपशिलाने पाहू, कारण ती कोणालाही आपल्या यंत्रावर पडताळता येते. एक्सेलच्या एका खणात हे लिहावे :

```
=DATE(1900,2,29)
```

यंत्र निमूटपणे २९ फेब्रुवारी १९०० दाखवते. असा दिवस उगवलाच नव्हता. शतकवर्षाला ४०० ने भाग जात नसेल तर ते लीप वर्ष नसते, आणि १९०० ला तो जात नाही. एक्सेल तारखांना अनुक्रमांक देते : १ जानेवारी १९०० म्हणजे १, २८ फेब्रुवारी म्हणजे ५९. पुढचा ६० हा या काल्पनिक दिवसाला गेला आहे आणि १ मार्चला ६१. परिणामी १ मार्चपूर्वीचे वारही चुकतात. १ जानेवारी १९०० हा सोमवार होता, एक्सेल त्याला रविवार म्हणते. ही चूक मुळात लोटस १-२-३ या जुन्या कार्यक्रमाची. त्याच्या फायली उघडता याव्यात म्हणून एक्सेलने ती जाणूनबुजून उचलली, आणि आता ती आंतरराष्ट्रीय मानकात शिरू पाहत होती.

अनेक देशांनी हरकत घेतली. चूक काढून टाकावी तर तिच्या आधारावर साठवलेल्या जुन्या फायली बिघडतात. ठेवावी तर ग्रेगरी पंचांग खोटे ठरते. अंतिम मानकाने दोन घरे बांधली. काटेकोर स्वरूपात मोजणीचा आरंभ ३० डिसेंबर १८९९ हा शून्य धरला, म्हणून २८ फेब्रुवारी १९०० हा ६० वा आणि १ मार्च खरोखरच ६१ वा येतो. मार्चपासून पुढचे सारे अंक जुन्या पद्धतीशी जुळतात. फरक त्याआधीच्या दोन महिन्यांपुरता. संक्रमणकालीन स्वरूपात मात्र जुनी चूक तशीच ठेवली.

भाषेच्या बाबतीतही हीच वाटणी झाली. मूळ मसुद्यात मजकुराची भाषा सोळा-आधारी अंकांनी सांगता येई. मराठीचा अंक `044E`, कोंकणीचा `0457`. काटेकोर स्वरूपात सर्वमान्य भाषा-खुणाच राहिल्या, जसे `mr-IN`. अंक संक्रमणकालीन घरात गेले. या खुणेत भाषा आहे आणि देश आहे; राज्य वा जिल्हा नाही. बेळगावचे मराठी पान आणि पुण्याचे मराठी पान तेथे एकाच नावाने ओळखले जाते, हे जाता जाता नोंदवतो.

बैठकीनंतर राष्ट्रीय संस्थांना मत बदलण्यासाठी तीस दिवस होते. २९ मार्च २००८ रोजी चित्र असे : अनुकूल ६१, प्रतिकूल १०, तटस्थ १६. पूर्ण सहभागी सदस्यांत ३२ पैकी २४, म्हणजे ७५ टक्के. प्रतिकूल ७१ पैकी १०, म्हणजे १४ टक्के. दोन्ही कसोट्या पार झाल्या. भारताने आपले प्रतिकूल मत कायम ठेवले. पुढे दक्षिण आफ्रिका, ब्राझील, भारत आणि व्हेनेझुएला यांनी प्रक्रियेवर अपिले केली. ती ऑगस्टमध्ये फेटाळली गेली आणि नोव्हेंबर २००८ मध्ये मानक चार भागांत प्रसिद्ध झाले.

एक्सेल आजही न सांगता साठवलेली फाइल संक्रमणकालीन स्वरूपात ठेवते. काटेकोर स्वरूप हवे असेल तर साठवताना यादीतून वेगळे निवडावे लागते. आणि ज्यांना एकोणिसाव्या शतकातील गावदप्तरांच्या तारखा तेथे उतरवायच्या असतील त्यांच्या लक्षात येईल की नेहमीच्या स्वरूपात १ जानेवारी १९०० च्या आधीची तारीख एक्सेल तारीख मानतच नाही. ती साध्या मजकुरासारखी खणाच्या डाव्या कडेला चिकटून बसते आणि तिच्यातून दिवसांची वजाबाकी होत नाही. अशा वेळी वर्ष, महिना आणि दिवस तीन वेगळ्या खणांत लिहावेत.