भरपाईचा शॉक : ‘रक्तदाब ठीक आहे’ हा फसवा पर्याय

पेशींना लागेल तेवढा प्राणवायू रक्तामार्फत पोहोचेनासा होतो, त्या अवस्थेला वैद्यकात शॉक म्हणतात. विजेचा झटका किंवा मनाला बसलेला धक्का यांच्याशी तिचा संबंध नाही. रक्तस्रावामुळे शॉक सुरू होतो तेव्हा शरीर पहिला काही काळ हृदयाचा वेग वाढवून आणि रक्तवाहिन्या आवळून रक्तदाब टिकवून धरते. या टप्प्याला भरपाईचा किंवा कॉम्पेन्सेटेड शॉक असे नाव आहे. पॅरामेडिकच्या परीक्षेत यावर प्रश्न येतो तेव्हा ‘रक्तदाब नॉर्मल, म्हणून शॉक नाही’ अशा अर्थाचा पर्याय त्यात बहुधा असतोच, आणि अभ्यास केलेली मुलेही त्यावर खूण करून येतात. हा पर्याय का चुकतो, हे एका विद्यार्थिनीने आपल्या अभ्यासगटाला संदेशातून समजावले होते. ही नोंद त्या संदेशातील उदाहरणावर आधारलेली आहे.

प्रश्न असा होता. 26 वर्षांचा तरुण मोटारसायकलवरून पडला आहे. हँडलचे टोक डाव्या बरगड्यांच्या खाली पोटात घुसल्यासारखे लागले आहे. अपघाताला 25 मिनिटे झाली आहेत. तो शुद्धीवर आहे, पण अस्वस्थ आहे आणि सारखे पाणी मागतो आहे. बाहेर कुठेही रक्त दिसत नाही. नाडी मिनिटाला 118 असून बारीक लागते, श्वास 24, रक्तदाब 116/92. हातपाय गार आणि ओलसर आहेत. नख दाबून सोडल्यावर लाली परतायला 3 सेकंद लागतात. पर्याय चार होते : भीती व वेदनेमुळे नाडी वाढली आहे, शॉक नाही; रक्तस्रावामुळे भरपाईचा शॉक; भरपाई कोलमडलेला शॉक; आणि मज्जारज्जूच्या इजेमुळे झालेला शॉक.

शेवटचे दोन पर्याय लवकर बाद होतात. भरपाई कोलमडली असती तर वरचा दाब घसरला असता. मज्जारज्जूच्या इजेत रक्तवाहिन्या सैल पडतात, त्यामुळे दाब कमी, कातडी कोरडी व उबदार आणि नाडी बहुधा संथ असते. इथे सगळेच उलट आहे. खरी ओढाताण पहिल्या दोन पर्यायांत होते, आणि पहिला पर्याय आकर्षक वाटतो कारण त्यात खोटे असे काही दिसत नाही. अपघात झालेला माणूस घाबरलेला असतो, त्याला दुखत असते, आणि घाबरल्यावर नाडी वाढते. 116 हा आकडा तर कोणत्याही निरोगी तरुणाचा असू शकतो.

विद्यार्थिनीने लिहिले होते : “मीटरवरचा 116 बघून आपण सुटकेचा श्वास टाकतो आणि 92 कडे बघतच नाही. सगळ्यांनी दोन्ही आकड्यांची वजाबाकी करा. फक्त 24 उरतात. एरवी ही वजाबाकी 40 च्या आसपास येते. आता विचारा, खालचा आकडा का चढला आणि वरचा का नाही?”

या प्रश्नाचे उत्तर रक्तदाब कशाने बनतो यात आहे. रक्तदाब दोन गोष्टींवर ठरतो : हृदय मिनिटाला किती रक्त बाहेर टाकते आणि लहान धमन्या त्या प्रवाहाला किती विरोध करतात. साधारण निरोगी प्रौढात हृदय एका ठोक्याला सुमारे 70 मिलिलीटर रक्त टाकते. मिनिटाला 72 ठोके धरले तर 5 लिटर होतात. आता प्लीहा फाटून पोटात रक्त साचू लागले असे समजा. हृदयाकडे परत येणारे रक्त कमी होते आणि एका ठोक्याला समजा 35 मिलिलीटरच बाहेर पडते. नाडी 118 झाली तरी मिनिटाचा प्रवाह 4.1 लिटरच्या जवळपास भरतो. म्हणजे हृदय इतके धावूनही प्रवाह जवळजवळ पाचव्या हिश्श्याने घटलेला आहे.

दाब मात्र घटत नाही. मानेतील कॅरॉटिड धमनीच्या फुगवट्यात आणि महाधमनीच्या कमानीत दाब जोखणारी चेतातंतूंची टोके असतात. धमनीची भिंत कमी ताणली गेली की ती काही सेकंदांत मेंदूला कळवतात. त्यावर कातडी, आतडी, स्नायू आणि मूत्रपिंडे यांच्याकडे जाणाऱ्या लहान धमन्या आवळल्या जातात, म्हणजे उरलेले रक्त मेंदू आणि हृदयाच्या वाट्याला येते. दोन ठोक्यांच्या मधला, खालचा दाब मुख्यतः या आवळण्यावर अवलंबून असतो, म्हणून तो 80 वरून 92 वर चढला. दोन दाबांतील अंतर, ज्याला नाडीदाब म्हणतात, प्रत्येक ठोक्याला बाहेर पडणाऱ्या रक्ताबरोबर कमीजास्त होते. ठोका लहान झाला म्हणून ते अंतर आक्रसले.

खालच्या दाबात नाडीदाबाचा तिसरा हिस्सा मिळवला की सरासरी दाबाचा अंदाज मिळतो. 120/80 असताना ही सरासरी 93 येते. या तरुणाची 92 अधिक 8, म्हणजे 100 आहे. प्रवाह पाचव्या हिश्श्याने कमी आणि सरासरी दाब मात्र नेहमीपेक्षा जास्त, अशी ही स्थिती. संदेशातला हा हिशेब सर्वांत मोलाचा आहे, कारण दाब म्हणजे प्रवाह नव्हे हे त्यात आकड्यांनी दिसते, आणि शॉकची व्याख्या प्रवाहावर बेतलेली आहे. दाबाचा कुठलाही एक आकडा ती व्याख्या ठरवत नाही.

मग भीतीचे काय? भीती आणि वेदना नाडी वाढवतात, तळहात गार व ओलेही करतात, हे मान्यच केले पाहिजे. नुसत्या गार तळव्यांवरून निदान करणारा पॅरामेडिकही फसू शकतो. पण घाबरलेल्या माणसाच्या हृदयात पुरेसे रक्त येत असते. त्याचे हृदय जोराने आकुंचन पावते, वरचा दाब चढतो, नाडी बोटाला ठसठशीत लागते आणि नाडीदाब सहसा अरुंद होत नाही. वेदना आटोक्यात आल्यावर, धीर दिल्यावर नाडी उतरू लागते. आतून रक्त जाणाऱ्याची नाडी चढतच राहते. नाडीला वरच्या दाबाने भागून मिळणारा शॉक निर्देशांकही इथे कामी येतो. निरोगी प्रौढात तो साधारण 0.5 ते 0.7 असतो, 0.9 च्या पुढे गेला की काळजी करावी. या तरुणाचा 118 भागिले 116, म्हणजे 1 च्या किंचित वर आहे. शिवाय मार कुठे लागला हेही पाहावे लागते. डाव्या बरगड्यांखाली प्लीहा असते, आणि हँडलच्या माराने ती फाटणे हे शल्यचिकित्सकांच्या ओळखीचे आहे. अशा वेळी डावा खांदा दुखत असेल तर संशय आणखी बळावतो, कारण पोटात साचलेले रक्त मध्यपटलाला टोचते आणि ती वेदना खांद्यावर जाणवते.

पाठ्यपुस्तकांतील कोष्टकाप्रमाणे 70 किलोच्या प्रौढात सुमारे 5 लिटर रक्त असते. त्यातील 15 ते 30 टक्के, म्हणजे 750 ते 1,500 मिलिलीटर जाईपर्यंत वरचा दाब टिकू शकतो. त्यापुढे तो पडू लागतो. प्रत्यक्षातले रुग्ण या कोष्टकाच्या रकान्यांत नेमके बसत नाहीत, त्यामुळे नाडीवरून मिलिलीटर काढण्याच्या भरीस पडू नये. कोष्टकाचा खरा उपयोग एवढाच, की दाब पडणे हे उशिराचे लक्षण आहे हे लक्षात राहते. विद्यार्थिनीने याच जागी लिहिले होते : “पहिला पर्याय निवडला तर आपण गाडी सावकाश नेऊ, जवळच्या लहान दवाखान्यात थांबू. मग दाब 80 होईल आणि आपण म्हणू, अचानक झालं. अचानक काही झालेलं नसतं, 25 व्या मिनिटाला सगळं समोर होतं.”

लक्षणांचा हा संच काही रुग्णांत पुरता दिसत नाही. रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर गोळ्या घेणाऱ्याची नाडी 118 पर्यंत चढेलच असे नाही. ज्या वृद्धाचा नेहमीचा दाब 160 असतो, त्याला 116 हा दाब पडल्यासारखाच आहे. लहान मुलांच्या रक्तवाहिन्या फार वेळ आवळून राहतात, त्यांचा दाब बराच काळ टिकतो आणि मग एकदम कोसळतो. गरोदरपणाच्या अखेरीस स्त्रीच्या शरीरात रक्त बरेच वाढलेले असते, म्हणून तिच्यात खुणा उशिरा उमटतात. थंडीत नखाची लाली कोणाचीही उशिरा परतते. पोटात रक्त साचूनही नाडी न वाढलेले रुग्ण आढळतात, तेव्हा साधी नाडी हा शॉक नसल्याचा पुरावा धरता येत नाही.

उत्तर बदलले की कृतीही बदलते. भरपाईचा शॉक ओळखला तर घटनास्थळी वेळ न घालवता रुग्णाला आडवे ठेवून, पांघरूण घालून, प्राणवायू लावून शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात न्यायचे असते आणि शिरेत सुई वाटेत लावायची असते. पाणी मागितले तरी तोंडाने द्यायचे नाही, कारण थोड्या वेळात त्याला भूल द्यावी लागण्याची शक्यता असते. दाब टिकलेला असताना सलाइनच्या बाटल्या ओतू नयेत. सलाइन प्राणवायू वाहून नेत नाही, रक्त गोठवणारे घटक पातळ करते आणि अंग गार करते. वॉल्टर कॅनन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पहिल्या महायुद्धातील जखमींबाबत 1918 मध्येच इशारा दिला होता की रक्तस्राव थांबण्याआधी दाब वाढवला तर हवे असलेले रक्तच वाहून जाऊ शकते. ट्रॅनेक्झॅमिक आम्ल द्यायचे की नाही हे त्या त्या सेवेच्या नियमावलीप्रमाणे ठरते. द्यायचे असेल तर इजेनंतर 3 तासांच्या आत, जितके लवकर तितके बरे.

धावत्या रुग्णवाहिकेत स्वयंचलित मीटर हादऱ्यांमुळे चुकीचे आकडे देऊ शकते, म्हणून पहिला दाब शक्यतो हाताने, गाडी हलण्यापूर्वी घ्यावा. त्यानंतर दर 5 मिनिटांनी नाडी, श्वास आणि दोन्ही दाब वेळेसह लिहीत जावेत. महाराष्ट्रात किंवा गोव्यात 108 च्या गाडीतून रुग्ण सोपवताना तातडी विभागातील डॉक्टरांना शेवटचा आकडा तेवढा सांगून थांबू नये. पहिला 116/92 आणि त्यावेळची 118 ची नाडी आधी सांगावी.