झिंकचा परिणाम चौथ्या दिवशी का दिसतो?

‘जुलाब झालेल्या मुलाला ओआरएससोबत झिंक द्या, झिंकने आतड्याचं अस्तर दुरुस्त होतं.’ हे वाक्य तुम्ही कुठल्या तरी पुस्तकात वाचलं असेल, नाहीतर आशाताईंकडून ऐकलं असेल. नीट बघा, वाक्यात दोन गोष्टी आहेत. पहिला भाग सल्ला आहे आणि दुसरा दावा. सल्ला बरोबर असूनही दावा चुकीचा असू शकतो, कारण औषध लागू पडणं आणि ते का लागू पडतं हे कळणं यात पुष्कळ अंतर असतं. मग अस्तर दुरुस्त होतं हे कुणी पाहिलं? आजारी मुलाच्या आतड्यात रोज डोकावून तर बघता येत नाही. आज या दाव्याचाच माग काढू.

सुरुवात ओआरएसपासून करावी लागते, म्हणजे आपल्याकडच्या जलसंजीवनीपासून. १९७१ साली बांगलादेश युद्धाच्या काळात पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला. सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, बेकिंग सोडा आणि ग्लुकोज पाण्यात कालवून लोकांना पाजायला लावलं आणि मृत्यूंचं प्रमाण झपाट्याने खाली आलं. यामागचं विज्ञान तोवर माहीत झालेलं होतं: कॉलऱ्यातही आतड्यातली ग्लुकोज आणि सोडियम एकत्र आत ओढणारी यंत्रणा शाबूत राहते आणि त्यांच्यामागून पाणीही आत येतं. पण एक गोष्ट लक्षात घ्या. टाकी गळत असताना वरून पाणी ओतत राहावं, तसं हे आहे. टाकी रिकामी होत नाही, मूल वाचतं, पण गळती चालूच राहते. जुन्या ओआरएसने जुलाबाचे दिवस कमी होत नव्हते. आईला मात्र गळती थांबायला हवी असते, आणि त्यात तिचं काहीच चुकत नाही. ‘पावडर दिली, तरी जुलाब चालूच आहेत’ म्हणत घरची माणसं दुसऱ्या दवाखान्यात जायची आणि तिथून बऱ्याचदा गरज नसलेलं अँटिबायोटिक घेऊन परतायची. गळती थांबवणारं काहीतरी हवं होतं.

झिंक या गोष्टीत आलं ते एका दुर्मीळ आजाराच्या वाटेने. अक्रोडर्मटायटिस एंटेरोपॅथिका असं त्याचं जिभेला पीळ पाडणारं नाव. डानबोल्ट आणि क्लोस या नॉर्वेच्या डॉक्टरांनी १९४२ साली त्याचं वर्णन केलं. या बाळांना तोंडाभोवती आणि गुदद्वाराभोवती चट्टे येत, केस गळत आणि जुलाब काही केल्या थांबत नसत. त्यातली बरीच बाळं दगावत. १९७३मध्ये लंडनमध्ये मोयनाहन आणि बार्न्स यांनी अशा एका मुलाच्या रक्तात झिंक फार कमी असल्याचं पाहिलं. झिंक सल्फेट दिल्यावर मूल सुधारलं. या मुलांना जन्मतःच अन्नातलं झिंक पुरेसं शोषून घेता येत नाही, हे पुढे स्पष्ट झालं. म्हणजे झिंक नसेल तर जुलाब होतात, एवढं निदान या आजारात तरी दिसलं.

आता उलट बाजू. जुलाबातून झिंक बाहेर जातं. ज्या मुलाच्या ताटात मुळातच भात, पोळी आणि पातळ वरण यांपलीकडे फारसं काही नसतं, त्याच्याकडे झिंकचा साठा जेमतेम असतो, कारण धान्यातलं फायटेट झिंकला धरून ठेवतं आणि शोषू देत नाही. अशा मुलाला जुलाब लागले की आहे तेही वाहून जातं. झिंक कमी झालं की आतडं सावरत नाही, आणि आतडं सावरत नाही म्हणून आणखी झिंक जातं. दिल्लीत सचदेव आणि सहकाऱ्यांनी १९८८ साली पन्नास बाळांवर छोटी चाचणी केली. सगळी बाळं एकत्र धरली तर झिंकचा फायदा किरकोळ होता, संख्याशास्त्राच्या कसोटीवर न टिकणारा. पण ज्यांच्या गुदाशयाच्या अस्तरातच झिंक कमी झालं होतं, त्यांच्यात फरक स्पष्ट होता. छोट्या चाचणीतल्या उपगटाचा निष्कर्ष हा पुरावा म्हणून कच्चा असतो. इशारा म्हणून मात्र तो फार मोलाचा ठरला.

अस्तर प्रत्यक्ष न बघता तपासण्याची एक युक्ती आहे आणि मला ती मनापासून आवडते. मुलाला दोन साखरा पाजायच्या: लॅक्ट्युलोज आणि मॅनिटॉल. दोन्हींचा शरीराला उपयोग नाही, त्यामुळे जेवढी साखर आतड्यातून रक्तात शिरते तेवढी जवळपास तशीच लघवीतून बाहेर पडते. मॅनिटॉलचा रेणू छोटा, तो निरोगी अस्तरातूनही शिरतो, म्हणून त्यावरून शोषणाच्या पृष्ठभागाचा अंदाज येतो. लॅक्ट्युलोजचा रेणू मोठा. दोन पेशींमधले सांधे सैल झाले असतील तरच तो मोठ्या प्रमाणात आत घुसतो. पुढे काही तासांची लघवी जमवायची आणि दोन्ही साखरा मोजायच्या. लॅक्ट्युलोज जास्त निघालं तर भिंतीला भेगा आहेत. ढाक्यात एस. के. रॉय आणि सहकाऱ्यांनी जुलाब झालेल्या मुलांवर हीच चाचणी वापरली आणि १९९२मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. झिंक मिळालेल्या मुलांच्या लघवीतलं लॅक्ट्युलोज न मिळालेल्यांपेक्षा जास्त घटलं होतं. भेगा बुजत होत्या.

पण यातून मुलं लवकर बरी होतात का, हे सिद्ध होत नव्हतं. त्यासाठी १९९५चा पेपर बघायला हवा. सुनील सझावल, रॉबर्ट ब्लॅक, महाराज किशन भान आणि सहकाऱ्यांची ही नवी दिल्लीतली चाचणी. ६ ते ३५ महिन्यांची ९३७ मुलं. सगळ्यांना ओआरएस, सगळ्यांना जीवनसत्त्वं. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडलेले, फरक फक्त झिंकचा, आणि कुणाच्या बाटलीत ते आहे हे ना आईला माहीत ना तपासणाऱ्याला.

ठळक निष्कर्ष असा की झिंक गटात जुलाब चालू राहण्याची जोखीम २३ टक्क्यांनी कमी होती. बहुतेक जण इथेच पान उलटतात. तुम्ही उलटू नका. ‘चालू राहण्याची जोखीम’ म्हणजे काय, तर रोज विचारायचं: आज सकाळी ज्या मुलांना जुलाब होते, त्यातल्या कितींचे अजून चालू आहेत? हा प्रश्न रोजचा असल्यामुळे उत्तरही दिवसांनुसार फोडता येतं, आणि लेखकांनी ते फोडलं. झिंक सुरू केल्यापासून पहिल्या तीन दिवसांत घट फक्त ७ टक्के, आणि तिचा विश्वासमर्यादा-पट्टा उणे ९ ते २२. शून्य या पट्ट्याच्या आत येतं, म्हणजे परिणाम नाही असं म्हटलं तरी चालेल. तिसऱ्या दिवसानंतर मात्र घट ३८ टक्के, पट्टा २७ ते ४८. शून्याच्या आसपासही नाही.

हे असं का व्हावं? आतड्याचं अस्तर म्हणजे बोटांसारखे असंख्य उंचवटे, त्यांना व्हिलाय म्हणतात. या उंचवट्यांच्या मुळाशी असलेल्या खाचांमध्ये नव्या पेशी जन्मतात आणि हळूहळू वर सरकत शेंड्यावरून गळून पडतात. या प्रवासाला साधारण तीन ते पाच दिवस लागतात. रोटाव्हायरससारखा विषाणू शेंड्याकडच्या पक्व पेशी मारतो, उंचवटे झिजतात आणि पाणी शोषणारा पृष्ठभाग कमी होतो. दुरुस्ती म्हणजे खालून नव्या पेशी वर येणं. पेशी दुभंगायची तर डीएनएची प्रत काढावी लागते, आणि त्या कामातल्या कितीतरी प्रथिनांना झिंक लागतं. शेजारच्या पेशींना एकमेकींशी घट्ट बांधणारे सांधेही झिंक काढून घेतलं की सैल होतात, हे प्रयोगशाळेत वाढवलेल्या आतड्याच्या पेशींवर दिसलं आहे. म्हणजे आज दिलेल्या झिंकचं फळ नव्या पेशी वर पोहोचेपर्यंत दिसणार नाही. ७ आणि ३८ या दोन आकड्यांमध्ये मला ही वाटचाल दिसते.

आता स्वतःलाच आडवं लावू. झिंकचं दुसरंही एक काम ठाऊक आहे. २००५मध्ये होक, राजेंद्रन आणि बाइंडर यांनी उंदराच्या आतड्यावर दाखवलं की झिंक पोटॅशियमचा एक मार्ग अडवतं आणि त्यामुळे क्लोराइड व त्यामागचं पाणी आतड्यात सुटणं कमी होतं. म्हणजे थेट नळच आवळला जातो, आणि त्याला दिवस लागत नाहीत. मुलांमध्ये मुख्य काम हेच असतं, तर फरक पहिल्या दिवसापासून दिसायला हवा होता. तसा तो दिल्लीत दिसला नाही. म्हणून माझा कौल दुरुस्तीकडे आहे. पण वेळेचा मेळ बसणं म्हणजे कारण सिद्ध होणं नव्हे. रोगप्रतिकारक पेशींनाही झिंक लागतं आणि त्यांनाही जोर धरायला दिवस लागतात. तेव्हा तुमच्या प्रस्तावात ‘झिंक अस्तर दुरुस्त करून जुलाब कमी करतं’ असं लिहिण्याआधी ‘मुख्यतः’ हा शब्द घालायचा की नाही, याचा विचार करा.

दुरुस्तीची बाजू मानली की सल्ल्यातल्या दोन गोष्टींचा उलगडा होतो. २००४मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी रोज २० मिलिग्रॅम, सहा महिन्यांखालच्या बाळांना १० मिलिग्रॅम, असं १० ते १४ दिवस झिंक द्यायला सांगितलं. जुलाब तर बहुधा आठवड्यात थांबतात, मग गोळी पुढे कशाला? कारण शी घट्ट झाली म्हणजे अस्तर आणि साठा भरून आला असं नाही. घरी नेमकं हेच चुकतं: जुलाब थांबले की उरलेल्या गोळ्या कपाटात जातात.

दुसरी गोष्ट म्हणजे झिंक ओआरएसच्या पुडीतच का मिसळत नाहीत? सोयीचं झालं असतं. दिल्लीत हेही करून पाहिलं गेलं: ओआरएसच्या लिटरमागे ४० मिलिग्रॅम झिंक. २००२मध्ये आलेल्या निष्कर्षांत याचा थोडा फायदा दिसला, पण वेगळं सिरप दिलेल्या मुलांना जास्त झाला. कारण समजण्यासारखं आहे. ओआरएस मूल तहानेप्रमाणे पितं, त्यामुळे झिंकचा डोस त्याच्या तहानेवर ठरतो, आणि जुलाब थांबले की पिणं थांबतं, म्हणजे झिंकही थांबतं. म्हणून ते ओआरएस‘सोबत’ देतात, ओआरएस‘मध्ये’ नाही.

आता मर्यादा. सगळ्या चाचण्या एकत्र करणाऱ्या कॉक्रेन आढाव्यानुसार सहा महिन्यांवरच्या मुलांमध्ये जुलाबाचा काळ सरासरी अर्ध्या दिवसाने कमी होतो, कुपोषितांमध्ये सुमारे एका दिवसाने. दिल्लीतही वाढ खुंटलेल्या मुलांनाच जास्त फायदा झाला होता. साठा रिकामा असेल तरच भर घालण्याला अर्थ, हे याच्याशी जुळतं. सहा महिन्यांखालच्या बाळांमध्ये मात्र फायदा दिसत नाही, आणि सल्ल्यात त्यांच्यासाठी १० मिलिग्रॅम सांगितलेले आहेत, ही विसंगती डोळ्याआड करू नका. शिवाय झिंकने उलट्या वाढतात. उलटी झाली की आई गोळी बंद करते आणि चौदा दिवस पुरे होत नाहीत. म्हणूनच भारत आणि टांझानियातल्या ४,५०० मुलांवर ५, १० आणि २० मिलिग्रॅमची तुलना केली गेली. २०२०मध्ये आलेल्या निष्कर्षांत कमी डोस जुलाबाच्या बाबतीत २०पेक्षा उणे पडले नाहीत आणि उलट्या मात्र कमी झाल्या. त्या चाचणीतल्या सगळ्या गटांना झिंक मिळालं होतं, कुणालाच प्लासिबो नव्हता, तेव्हा तिचे आकडे १९९५च्या आकड्यांशेजारी मांडताना हे ध्यानात ठेवा.