इंदू मिल म्हणजे नक्की कुठली?

गिरगावातल्या एका मित्राच्या आजोबांचं कापडाचं दुकान होतं. दुकान कधीच बंद झालं, पण खरेदीची जुनी बिलं आणि वह्या घरच्यांनी जपून ठेवल्या. मित्राने त्या स्कॅन केल्या, ओसीआर केला, हाताने भर घातली आणि फाईल माझ्याकडे पाठवली. "कुठल्या मिलचा माल कधीपर्यंत येत होता ते काढून दे. मला घरासाठी लिहायचंय." म्हटलं, दोन तासांचं काम. पुढचे तीन वीकेंड त्यातच गेले!

सुरुवात नेहमीसारखीच केली. मूळ नाव एका कॉलमात जसंच्या तसं ठेवलं (ते कधीही पुसायचं नाही) आणि शेजारी तुलनेसाठी साफ केलेलं नाव.

```python
s = unicodedata.normalize("NFC", raw).lower()
s = re.sub(r"\b(co|ltd)\b", " ", s)
s = re.sub(r"[^\w]+", " ", s).strip()
```

इंग्रजी बिलांना हे चाललं. मराठी वहीत मात्र "इंदू"चं "इ द" झालं आणि "मिल"चं "म ल"! पायथनच्या `re` मध्ये `\w` ला काना, मात्रा, अनुस्वार ही अक्षरं वाटतच नाहीत. `regex` मोड्यूल वापरलं तेव्हा सुटलो.

मग स्पेलिंग. मोरारजी गोकुळदास मिल १८७१ सालची. बिलावर `Morarjee Goculdas`, कारकुनाच्या हातचं `Morarji Gokuldas`. तीन अक्षरांचा फरक, मिल एकच. म्हणून नियम केला, तीनपर्यंत फरक असेल तर एकत्र करा. यादी झटकन आखूड झाली आणि मी खूश.

चूक तिथेच होती. `India United Mills No. 1` आणि `India United Mills No. 6` यांत एकाच अक्षराचा फरक आहे, पण या दोन वेगळ्या मिल. एक लालबाग-परळकडची, दुसरी दादरच्या चौपाटीजवळची, जिथे कापड रंगवायचं डाय वर्क्स होतं. कार्यक्रमाने दोन्ही बिनधास्त एकत्र केल्या. उलट वहीतली "इंदू मिल" आणि बिलावरची `India United` यांत एकही अक्षर जुळत नाही, म्हणून त्या वेगळ्या राहिल्या. इंदू हे कुणा बाईचं नाव नाही हो, इंडियातलं "इंड" आणि युनायटेडचा "यू"! आज इंदू मिल म्हटलं की आंबेडकर स्मारकाची जागा, म्हणजे सहा नंबरच, डोळ्यासमोर येते. पण गिरणगावात एक नंबरलाही इंदूच म्हणत आणि काळाचौकीच्या दोन-तीन नंबरलाही. त्यामुळे नंबर नसलेली "इंदू मिल" मी कुठेच चिकटवली नाही, "नंबर माहीत नाही" म्हणून वेगळी ठेवली. मित्राला ते अपुरं वाटलं. पण अंदाजाने सहा लिहिलं असतं तर तो अंदाज कायमचा पुरावा होऊन बसला असता.

खरा घोटाळा पुढे होता. माझ्या यादीप्रमाणे इंडिया युनायटेडचा माल १९७४ नंतर थांबला आणि एक नवाच मोठा पुरवठादार उगवला, नॅशनल टेक्स्टाईल कॉर्पोरेशन. मित्राने तर वाक्यसुद्धा लिहून टाकलं होतं, की आजोबांनी त्या वर्षी जुन्या गिरणीशी संबंध तोडला. मला शंका आली कारण दरमहा येणाऱ्या मालाचं प्रमाण जवळपास तेच होतं. नावं बदलताना आकडे जसेच्या तसे पुढे चालले तर समजावं, की पुरवठादार नाही, पाटी बदलली आहे. मूळ बिलं काढली. वर महामंडळाचं नाव, खाली बारीक टायपात "युनिट" आणि जुन्या मिलचं नाव. १९७४ च्या कायद्याने १०३ आजारी गिरण्या सरकारने घेतल्या, त्यात ही होती. मी फक्त वरची ओळ वाचत होतो, त्यामुळे दुसऱ्या सरकारी गिरण्यांचा मालही त्याच एका नावाखाली गेला होता.

शेवटी एका नावाचे दोन कॉलम केले, पैसे घेणारी कंपनी आणि माल काढणारी मिल. बॉम्बे डाईंगचंही तसंच, कंपनी एक पण स्प्रिंग मिल आणि टेक्स्टाईल मिल वेगळ्या. शिवाय टोपणनावांचा एक छोटा तक्ता केला, त्यात प्रत्येक नाव कधीपासून कधीपर्यंत चालतं ते वर्ष. नंबर, "न्यू" आणि युनिटचं नाव हे शब्द साफसफाईत कधीच काढायचे नाहीत, आणि नंबर वेगळा असेल तर बाकी कितीही जुळलं तरी एकत्र करायचं नाही. आजच्या बिलांना हे सोपं जातं. जीएसटी नंबरच्या पंधरा अक्षरांत तिसऱ्यापासून बाराव्यापर्यंत कंपनीचा पॅन असतो, तो जुळला की कंपनी एक. पण युनिट कुठलं, ते पॅनलाही कळत नाही.

नवी यादी पाहिली तर इंडिया युनायटेडचा माल १९७४ नंतरही येत होता आणि तुटला तो १९८२ च्या सुरुवातीला. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. मित्राने ते वाक्य खोडलं. नंबर नसलेल्या नोंदी अजून तशाच आहेत, त्याच्या आत्याला तो या रविवारी विचारणार आहे.