पिठाचा स्फोट : तुरीनचा दिवा, मिनियापोलिसची गिरणी आणि तुळईवरची धूळ

१/ २ मे १८७८. अमेरिकेतील मिनियापोलिस शहर, मिसिसिपी नदीचा काठ. सेंट अँथनी धबधब्याच्या पाण्यावर चालणाऱ्या पिठाच्या गिरण्यांची तेथे रांगच उभी होती. त्यांतील सर्वांत भव्य म्हणजे वॉशबर्न ‘ए’ मिल : सात मजल्यांची दगडी इमारत, बांधून जेमतेम चार वर्षे झालेली. सायंकाळी सहा वाजता दिवसपाळीचे सुमारे दोनशे कामगार घरी गेले आणि रात्रपाळीचे चौदा जण आत आले. सातच्या सुमारास ती इमारत फुटली.

२/ आतील चौदाही जण गेले. लगोलग आणखी दोन धमाके ऐकू आले. ते शेजारच्या डायमंड आणि हंबोल्ट या गिरण्यांचे. त्यांत आणि पुढे पसरलेल्या आगीत आणखी चार जण मृत्युमुखी पडले. आवाज सुमारे सोळा किलोमीटरवरील सेंट पॉल शहरापर्यंत पोहोचला होता. एका सायंकाळी शहराच्या दळणक्षमतेचा फार मोठा भाग नाहीसा झाला. आणि त्या इमारतीत दारूगोळा नव्हता, ज्वलनशील वायूही नव्हता. होते ते केवळ गव्हाचे पीठ.

३/ पीठ कसे फुटेल, हा प्रश्न आपल्यालाही पडतो. पिठाच्या पोत्यावर जळती काडी टाकली तर वरचा थर काळवंडतो आणि काडी विझते, कारण हवा फक्त पृष्ठभागालाच मिळते. तेच पीठ हवेत उधळले की प्रत्येक कणाभोवती स्वतःची हवा असते. एक कण पेटला की त्याची उष्णता शेजारच्या कणाला पेटवते आणि क्षणार्धात सारा ढग जळून जातो. तापलेली हवा प्रसरण पावते. मोकळ्या मैदानात तिचा नुसता भडका होतो. चार भिंतींच्या आत मात्र तिला वाट मिळत नाही आणि भिंतीच वाट करून देतात.

४/ म्हणजे पाच गोष्टी एकत्र याव्या लागतात : जळणारी बारीक धूळ, हवा, ठिणगी, धुळीचे हवेत उधळणे आणि बंदिस्त जागा. यांतील एक जरी काढून घेतली, तरी स्फोट होत नाही. गिरणीतील हवा काढता येत नाही आणि भिंतीही पाडता येत नाहीत. म्हणून साऱ्या सुरक्षेचा इतिहास उरलेल्या तिघांभोवती फिरतो : ठिणगी, उधळण आणि धूळ.

५/ ही गोष्ट १८७८ मध्ये नवी होती का? मुळीच नाही. १४ डिसेंबर १७८५ रोजी इटलीतील तुरीन शहरात एका बेकरीच्या पिठाच्या कोठीत स्फोट झाला. एक मुलगा दिव्याच्या उजेडात पिठाचा ढीग फावड्याने उकरत होता. वरचा ढीग एकाएकी कोसळला, पिठाचा ढग उठला आणि दिव्याने पेटला. मुलाचा चेहरा आणि हात भाजले. काउंट मोरोझ्झो या अभ्यासकाने या घटनेचा वृत्तान्त लिहिला आणि त्यात एक मार्मिक निरीक्षण नोंदवले : त्या भागात कित्येक महिने पाऊस पडला नव्हता आणि पीठ नेहमीपेक्षा फार कोरडे होते.

६/ पुढची पायरी ग्लासगोची. ९ जुलै १८७२ रोजी तेथील ट्रॅडस्टन गिरणी अशीच फुटली आणि अठरा माणसे मरण पावली. रँकिन आणि मॅकॅडम या दोन तज्ज्ञांनी चौकशी केली. त्यांचा निष्कर्ष असा : जात्याच्या दोन तळ्यांमध्ये येणारी गव्हाची धार थांबली, दगडावर दगड घासून ठिणग्या उडाल्या, पेटलेले पीठ धूळ ओढून नेणाऱ्या नळीत शिरले आणि तेथून स्फोट इमारतभर गेला. रोग, त्याचे कारण आणि त्याचा मार्ग, तिन्ही कागदावर आले होते. सहा वर्षांनी मिनियापोलिसला जे घडले, ते जवळपास याचीच पुनरावृत्ती होती.

७/ मिनियापोलिसमध्ये धोका वाढवणारे आणखी एक कारण होते, आणि ते प्रगतीच्या पोटातून आले होते. तेथील कठीण गहू दळताना कोंड्याचे तुकडे पिठात मिसळत. ते वेगळे काढण्यासाठी नवे यंत्र आले : दळणातील रवाळ भाग चाळणीवर पसरायचा आणि त्यातून हवेचा झोत सोडायचा. हलका कोंडा उडून जाई, रवा मागे राही आणि तो पुन्हा दळून शुभ्र पीठ मिळे. त्या झोतासोबत उडणारी अतिसूक्ष्म धूळ पंख्याने ओढून एका बंद खोलीत सोडली जाई. म्हणजे धुळीचा ढग, वाहती हवा आणि बंदिस्त जागा यांची तजवीज गिरणीनेच करून ठेवली होती. उणीव होती ती फक्त कोरड्या जात्याच्या ठिणगीची.

८/ चौकशीत मिनेसोटा विद्यापीठातील पेकहॅम आणि पेक या दोन अध्यापकांनी साक्ष दिली. पेक यांनी लाकडी पेटीत थोडेसे पीठ उधळून ते दिव्याने पेटवण्याचे प्रयोग केले. पेटीचे झाकण त्यावर उभ्या असलेल्या माणसांसकट उचलले गेले. ज्यांना पिठाचा स्फोट ही भाकडकथा वाटत होती, त्यांच्यासाठी एवढे प्रात्यक्षिक पुरेसे होते.

९/ आता या धाग्याचा गाभा. मोठी इमारत एका ठिणगीच्या स्फोटाने क्वचितच पडते. पहिला स्फोट बहुधा लहान असतो आणि यंत्राच्या किंवा नळीच्या आत होतो. त्याचा दाब बाहेर येतो तेव्हा तुळया, पाइप, दिव्यांच्या टोप्या आणि यंत्रांच्या माथ्यावर महिनोन्‌महिने साचलेली धूळ झटकली जाते. मागून येणारी ज्वाळा त्या नव्या ढगाला पेटवते. हा दुसरा स्फोट पहिल्याहून कितीतरी मोठा असतो आणि मजल्यामागून मजला खात जातो. पहिला स्फोट यंत्राचा दोष असेल; दुसरा मात्र झाडलोटीचा दोष असतो.

१०/ किती धूळ पुरते? साधा हिशेब करू. खोलीची उंची पाच मीटर आणि जमिनीवर पिठाचा फक्त एक मिलिमीटर थर आहे असे समजा. एक घनमीटर पिठाचे वजन सुमारे ५०० किलो धरले, तर प्रत्येक चौरस मीटरवर अर्धा किलो पीठ आहे. ते सगळे पाच मीटर उंचीत उधळले, तर दर घनमीटरला १०० ग्रॅम पीठ झाले. स्फोट होण्यास साधारण ५० ते ६० ग्रॅम पुरतात. म्हणजे नखाच्या जाडीएवढा थर खोलीभर असेल, तर तो स्फोटाला पुरून उरतो.

११/ म्हणून जुने जाणते गिरणीवाले मोजपट्टी घेऊन फिरत नाहीत. तुळईवर बोट फिरवून नाव उमटते का, खालच्या रंगाचा रंग दिसतो का, हे ते पाहतात. रंग दिसेनासा झाला की काम थांबवून सफाई करायची. आणि आधी वर पाहायचे, कारण उंचावर पोहोचते ती सर्वांत हलकी, सर्वांत बारीक आणि सर्वांत लवकर पेटणारी धूळ. जमीन लखलखीत आणि तुळया पांढऱ्या, ही सर्वांत फसवी स्थिती होय.

१२/ सफाई कशी करू नये, हेही तितकेच महत्त्वाचे. कॉम्प्रेसरच्या हवेने धूळ फुंकणे म्हणजे जो ढग टाळायचा, तोच हातांनी तयार करणे. योग्य क्रम असा : वरून खाली यायचे, मऊ झाडूने हळू ओढायचे किंवा ठिणगी न पाडणाऱ्या व्हॅक्यूमने शोषून घ्यायचे, आणि गळती जेथून होते तो सांधा त्याच दिवशी बुजवायचा. गळती चालू ठेवून रोज झाडणे म्हणजे नळ उघडा ठेवून पाणी पुसणे. वेल्डिंग करायचे असेल, तर आधी सभोवतालची धूळ काढायची, जागा ओली करायची आणि काम संपल्यावरही पहारा ठेवायचा.

१३/ ठिणगीचा बंदोबस्त वेगळा. धान्यासोबत आलेला खिळा यंत्रात जाऊ नये म्हणून वाटेत चुंबक बसवतात, बेअरिंगला वेळेवर वंगण देतात आणि ते हाताला चटका देऊ लागले की यंत्र थांबवतात. वॉशबर्न यांनी १८८० मध्ये गिरणी पुन्हा उभी केली, तेव्हा विल्यम द ला बार या अभियंत्याने तेथे जात्याजवळची धूळ ओढून घेणारी यंत्रणा बसवली. दगडी जात्यांच्या जागी पुढे पोलादी रूळही आले. मात्र यंत्राच्या पोटातील पहिला स्फोट झाडूने टळत नाही, हेही खरे. त्यासाठी दाब बाहेर सोडणारी झडपे लागतात. झाडू फक्त दुसरा स्फोट टाळतो. पण बहुतेक जीव जातात ते त्या दुसऱ्यातच.

१४/ हा सारा एकोणिसाव्या शतकाचा विषय वाटत असेल, तर कॅनडाकडे पाहा. २० जानेवारी २०१२ रोजी ब्रिटिश कोलंबियातील बर्न्स लेकजवळची बाबीन लाकूडगिरणी फुटली. दोन जण मृत, वीस जखमी. भुंगेऱ्याने पोखरलेली, उभ्या उभ्या वाळलेली पाइनची झाडे तेथे चिरली जात होती, आणि त्यांचा भुसा नेहमीच्या ओल्या लाकडाच्या भुशाहून कोरडा असतो. कडाक्याच्या थंडीत हवा शुष्क होती. भुसा साचत गेला आणि तळघरातील कन्व्हेयरच्या यंत्रणेत घर्षणाने निर्माण झालेल्या उष्णतेने तो पेटला. मोरोझ्झोने १७८५ मध्ये नोंदवलेला कोरडेपणा येथे पुन्हा हजर होता.

१५/ त्यानंतर अवघ्या ९४ दिवसांनी, २३ एप्रिल रोजी, प्रिन्स जॉर्ज येथील लेकलँड गिरणी फुटली. दोन जण मृत, बावीस जखमी. पुन्हा लाकडाची धूळ आणि पुन्हा घर्षणाने तापलेला यंत्राचा भाग. ग्लासगोनंतर मिनियापोलिस घडायला सहा वर्षे लागली होती. येथे तीन महिनेही पुरे पडले.

१६/ आपल्या कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीत ट्यूबलाइटवर साचलेला पांढरा थर सर्वांनी पाहिलेला आहे. समोरून उघडी, एका जात्याची ती गिरणी आणि सात मजल्यांची बंद इमारत यांत मोठे अंतर आहे, हे खरे. पण थर तोच आहे. वॉशबर्न मिलच्या अवशेषांत आज संग्रहालय आहे. तेथे गेलात तर दगडी भिंतींची जाडी अवश्य पाहा. तितक्याच भक्कम भिंती १८७८ मध्ये ढासळल्या, आणि त्या पाडणारी गोष्ट कोणीतरी एखाद्या सकाळी कुंच्याने खाली ओढून पोत्यात भरू शकले असते.