पाण्यावर चालणाऱ्या बॅटरीचं व्होल्टेज कमी का असतं?

इन्व्हर्टरच्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर ओळीने सहा झाकणं असतात. प्रत्येक झाकणाखाली एक स्वतंत्र सेल असतो आणि तो साधारण २ व्होल्ट देतो. सहा सेल एकापुढे एक जोडले की १२ व्होल्ट होतात. भिंतीवरच्या घड्याळातला पेन्सिल सेल १.५ व्होल्टचा असतो आणि त्याच मापाचा रिचार्ज होणारा निकेल-मेटल हायड्राइड सेल १.२ व्होल्टचा. याउलट मोबाइलमधला एकच लिथियम-आयन सेल ३.७ व्होल्टच्या आसपास देतो.

हा फरक कंपन्यांनी ठरवलेला नाही. पहिल्या तिन्ही सेलमधल्या इलेक्ट्रोलाइटमध्ये, म्हणजे दोन इलेक्ट्रोडच्या मधल्या द्रवात, पाणी असतं. मोबाइलच्या सेलमध्ये मात्र पाण्याचा थेंबही चालत नाही. बॅटरीत साठणारी ऊर्जा म्हणजे व्होल्टेज गुणिले अँपिअर-तास. तेवढाच चार्ज १.२ ऐवजी ३.६ व्होल्टवर साठवता आला तर ऊर्जा सरळ तिप्पट होते. म्हणूनच पाण्याची ही मर्यादा कुठून येते हे समजून घ्यायला हवं.

१.२३ हा आकडा कुठून आला?

पाण्यातून वीज सोडली की त्याचं विघटन होऊन हायड्रोजन आणि ऑक्सिजन मिळतात, हे आपण शाळेत शिकलो आहोत. एक मोल पाणी, म्हणजे १८ ग्रॅम, असं तोडायला किमान २३७ किलोज्यूल ऊर्जा द्यावी लागते आणि त्यात दोन मोल इलेक्ट्रॉन फिरतात. एक मोल इलेक्ट्रॉनचा चार्ज सुमारे ९६,५०० कूलोम. आता २,३७,००० ला १,९३,००० ने भागा. उत्तर येतं १.२३ व्होल्ट.

याचा अर्थ असा, की दोन इलेक्ट्रोडमधला फरक १.२३ व्होल्टपेक्षा जास्त झाला, की मधलं पाणी तुटणं ऊर्जेच्या हिशेबाने शक्य होतं. हे एका खोलीसारखं समजा. खोलीची जमीन म्हणजे हायड्रोजन सुटण्याची रेषा आणि छत म्हणजे ऑक्सिजन सुटण्याची रेषा. ऋण इलेक्ट्रोड जमिनीखाली गेलं तर तिथे हायड्रोजन सुटू शकतो. धन इलेक्ट्रोड छताच्या वर गेलं तर तिथे ऑक्सिजन.

मग पाण्यात आम्ल किंवा अल्कली घालून ही खोली उंच करता येईल का? नाही. पीएच एका अंकाने बदलला की जमीन आणि छत दोन्ही ०.०५९ व्होल्टने एकाच दिशेने सरकतात. खोली वरखाली होते, पण तिची उंची १.२३ व्होल्टच राहते.

तरी शिशाचा सेल २ व्होल्ट कसा देतो?

इथे प्रश्न पडायलाच हवा. मर्यादा १.२३ ची असेल तर इन्व्हर्टरच्या बॅटरीतला सेल २ व्होल्टचा कसा?

शिसं आणि सल्फ्युरिक आम्लाच्या या सेलमध्ये ऋण प्लेट हायड्रोजनच्या रेषेपेक्षा साधारण ०.३६ व्होल्ट खाली असते. धन प्लेट, म्हणजे लेड डायऑक्साइडची, १.६९ व्होल्टवर असते. ती छतापेक्षा जवळजवळ अर्धा व्होल्ट वर. म्हणजे हा सेल दोन्ही बाजूंनी खोलीच्या बाहेर आहे आणि त्यातलं पाणी सतत तुटत राहायला हवं.

ते खरोखरच तुटतं, पण अतिशय हळू. हायड्रोजन तयार व्हायचा तर आयन धातूच्या पृष्ठभागावर येऊन, इलेक्ट्रॉन घेऊन, जोडीने रेणू बनवून सुटावे लागतात. प्लॅटिनमवर हे चटकन होतं. शिशावर तीच क्रिया कोट्यवधी पटीने संथ असते. ती डोळ्यांना दिसेल इतक्या वेगाने घडवायची तर वरून जादा व्होल्टेज द्यावं लागतं. त्याला ओव्हरपोटेन्शियल म्हणतात. लेड डायऑक्साइडवर ऑक्सिजन सुटायलाही असंच जादा व्होल्टेज लागतं.

तेव्हा १.२३ ही ऊर्जेने आखलेली मर्यादा आहे आणि तिच्या वरचा भाग वेगाच्या उसनवारीवर मिळालेला आहे. शिशाची बॅटरी त्या उसनवारीवर चालते. वापरात नसतानाही ती हळूहळू उतरते, त्यामागचं एक कारण हेच.

चार्जिंगच्या वेळचे बुडबुडे

चार्ज करताना व्होल्टेज आणखी वर न्यावं लागतं. दर सेलमागे २.४ व्होल्टच्या आसपास, म्हणजे १२ व्होल्टच्या बॅटरीला १४.४ व्होल्टवर, बुडबुडे ठळकपणे सुटू लागतात. हायड्रोजनच्या बाजूने पाहिलं तर ऋण प्लेट साधारण ०.१२ व्होल्टने आणखी खाली ढकलली, की वायू सुटण्याचा वेग दसपट होतो. म्हणून मर्यादा थोडीशी ओलांडली तरी परिणाम थोडासा राहत नाही.

एक हिशेब करू. समजा १५० अँपिअर-तासाची बॅटरी पूर्ण उतरली आणि चार्ज करताना तिला दहा टक्के जास्त चार्ज मिळाला. प्लेट भरल्यानंतरचे हे १५ अँपिअर-तास जवळजवळ सगळे पाणी तोडण्यात जातात. एका अँपिअर-तासाला दर सेलमधलं ०.३४ ग्रॅम पाणी तुटतं. म्हणजे एका सेलमध्ये ५ ग्रॅम आणि सहा सेलमध्ये मिळून ३० ग्रॅम. एका चार्जिंगला ३० मिलिलिटर पाणी गेलं! त्यातून साधारण ४० लिटर हायड्रोजन बाहेर पडतो. हवेत त्याचं प्रमाण ४ टक्क्यांवर गेलं की ठिणगीने स्फोट होऊ शकतो, म्हणून ही बॅटरी बंद कपाटात ठेवू नये. डिस्टिल्ड वॉटर अधूनमधून का घालावं लागतं, तेही या हिशेबातून कळतं. आम्ल कुठे जात नाही, फक्त पाणी जातं.

ही उसनवारी मोडते कशी, तेही पाहू. धन प्लेटच्या जाळीला मजबुती यावी म्हणून शिशात अँटिमनी मिसळतात. वर्षानुवर्षांच्या वापरात जाळी गंजते, अँटिमनी द्रावणात उतरतं आणि ऋण प्लेटवर जाऊन बसतं. अँटिमनीवर हायड्रोजन शिशापेक्षा सहज सुटतो. त्यामुळे बॅटरी जुनी होते तशी ती जास्त पाणी ‘पिते’. चार्जर तोच, व्होल्टेज तेच, तरी पाणी पूर्वीपेक्षा लवकर कमी होतंय आणि बॅटरी भरल्यावरही करंट खाली येत नाही, ही त्याची खूण. पाणी घालायची गरज नसलेल्या बॅटरीत अँटिमनीऐवजी कॅल्शियम वापरतात, ते याचसाठी.

नळाचं किंवा बोअरचं पाणी घातलं तरी असंच नुकसान होतं. त्यातले काही धातू शिशावर बसून हायड्रोजनला वाट करून देतात. लोहाचे आयन तर दोन्ही प्लेटांमध्ये ये-जा करत चार्जच खातात.

लिथियम-आयनला हे का जमतं?

मोबाइलच्या सेलमधलं ग्राफाइटचं ऋण इलेक्ट्रोड हायड्रोजनच्या रेषेपेक्षा दोन व्होल्टहून जास्त खाली असतं. इतक्या खोलवर कुठलंही ओव्हरपोटेन्शियल पाण्याला वाचवू शकत नाही. म्हणून तिथे एथिलीन कार्बोनेटसारखे सेंद्रिय द्रव वापरतात.

पण हे द्रवही त्या पातळीवर टिकत नाहीत. तेही तुटतात! फरक आहे तो तुटल्यावर काय उरतं यात. पहिल्या काही चार्जिंगमध्ये ग्राफाइटवर त्यांच्या विघटनाचा एक घन थर साचतो. या थरातून लिथियमचे आयन जातात, इलेक्ट्रॉन जात नाहीत. थर पुरेसा जाड झाला की द्रवाला इलेक्ट्रॉन मिळेनासे होतात आणि विघटन जवळजवळ थांबतं. जखमेवर खपली धरावी तसं.

पाण्याचं नेमकं हेच होत नाही. ते तुटलं की हायड्रोजन आणि ऑक्सिजन वायू होऊन निघून जातात. उरलेले आयन द्रावणातच विरघळलेले राहतात. पृष्ठभागावर काहीच साचत नाही, त्यामुळे पुढच्या रेणूला वाट मोकळीच असते. पाण्याला स्वतःची खपली धरता येत नाही. पाण्याच्या बॅटरीची खरी अडचण ही आहे.

मीठच जास्त घातलं तर?

पाण्याला जमत नाही ते पाण्यात विरघळलेल्या क्षाराकडून करून घेता येईल का? २०१५ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात लिउमिन सुओ, चुनशेंग वांग, कांग शू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचं उत्तर दिलं. मेरीलँड विद्यापीठ आणि अमेरिकी लष्कराच्या संशोधन प्रयोगशाळेचं ते काम होतं. त्यांनी एक किलो पाण्यात एलआयटीएफएसआय नावाच्या लिथियमच्या क्षाराचे २१ मोल विरघळवले. वजनात मोजलं तर एक किलो पाण्यात सहा किलो क्षार!

एक किलो पाण्यात पाण्याचे साडेपंचावन्न मोल असतात. म्हणजे लिथियमच्या प्रत्येक आयनाच्या वाट्याला पाण्याचे तीनसुद्धा रेणू येत नाहीत. बहुतेक पाणी आयनांभोवती अडकून पडतं आणि मोकळं पाणी फारसं उरत नाही. इलेक्ट्रोडजवळ आता क्षाराचे फ्लोरिनयुक्त ऋण आयन दाटीने असतात. तेच आधी तुटतात आणि लिथियम फ्लोराइडचा घन थर तयार करतात. पाण्याच्या बॅटरीला अशी खपली मिळाली. १.२३ व्होल्टची खोली जवळजवळ ३ व्होल्टची झाली आणि त्यातून २.३ व्होल्टचा सेल बनला, जो १००० वेळा चार्ज-डिस्चार्ज करून दाखवला गेला.

तरीही ग्राफाइट या खोलीत बसत नाही. वाढलेली खोलीसुद्धा लिथियम धातूच्या पातळीपेक्षा १.९ व्होल्ट वरच संपते आणि ग्राफाइट त्याच्या खूप खाली काम करतं. त्यात सहापट वजनाचा महागडा फ्लोरिनयुक्त क्षार आला, की पाण्याच्या स्वस्ताईचा फायदा बराचसा वाहून जातो.

म्हणून पाण्यावरच्या कुणी नव्या बॅटरीचा दावा केला तर नुसतं व्होल्टेज विचारून भागत नाही. तिच्या इलेक्ट्रोडवर पाणी फक्त हळू तुटतंय, की एखाद्या थराने थांबवलंय, हे विचारावं. पहिल्या प्रकारात पाणी आज ना उद्या भरावं लागतं किंवा सुटलेल्या वायूंचं पुन्हा पाणी करण्याची सोय लागते. दुसऱ्या प्रकारात तो थर किती चार्जिंग टिकतो, यावर बॅटरीचं आयुष्य ठरतं.