नारळीकरांची फलज्योतिष चाचणी, पुणे, २००८

मानसशास्त्राच्या पदवी परीक्षेत पद्धत, निष्कर्ष, टीका या क्रमाने मांडता येणारा मराठी मुलखातला प्रयोग. आखणी जयंत नारळीकर, संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर व प्रकाश घाटपांडे यांची. वृत्तांत ‘करंट सायन्स’मध्ये २००९ साली आला.

पद्धत : जन्मपत्रिकेवरून बुद्धिमत्ता कळते, हा दावा तपासायचा होता. हुशार म्हणून ओळखली जाणारी १०० मुले आणि मतिमंदांच्या विशेष शाळांतील १०० मुले यांच्या जन्मवेळा घेऊन २०० पत्रिका तयार झाल्या. त्यांना सांकेतिक क्रमांक दिले. भाग घेणाऱ्या प्रत्येक ज्योतिष्याला त्यांतल्या ४० पत्रिका मिळाल्या. प्रत्येक मूल कोणत्या गटातले, एवढेच सांगायचे. यशाची रेषा ४० पैकी २८, म्हणजे ७० टक्के.

ही रेषा कुठून आली हे उत्तरपत्रिकेत बहुधा राहून जाते. नाणे उडवून उत्तरे दिली तरी सरासरी २० बरोबर येतात आणि प्रमाण विचलन सुमारे ३.२ असते. म्हणून २४ हा आकडा विशेष नाही. २८ किंवा त्याहून जास्त मात्र निव्वळ योगायोगाने शंभरात एखाद्यालाच जमेल.

निष्कर्ष : ५१ जणांनी पत्रिका मागवल्या, उत्तरे २७ जणांची आली. सर्वाधिक गुण २४, तेही एकालाच, सरासरी १८.३७, म्हणजे ४६ टक्के. सर्व २०० पत्रिका तपासणाऱ्या एका संस्थेची १०२ उत्तरे बरोबर आली. २७ जण नुसती नाणी उडवत बसले असते, तर त्यांतल्या तीन-चार जणांना २४ किंवा अधिक गुण मिळाले असते.

टीका : निम्म्याच्या आसपास ज्योतिषी गळाले; ते का गळाले यावर निष्कर्षाची व्याप्ती ठरते. जन्मवेळ पालकांनी सांगितलेली, तेव्हा घड्याळाची चूक गृहीत धरावी लागते. सरासरी २० च्या खाली गेली याचा उलटा अर्थ लावण्याचा मोह टाळावा : २७ जणांचे मिळून १,०८० निर्णय झाले, पण पत्रिका २०० च, म्हणजे एकच पत्रिका पाचेक जणांच्या हाती गेली. हे निर्णय परस्परांपासून स्वतंत्र नाहीत, त्यामुळे साधी चाचणी लावली की फरक आहे त्याहून मोठा भासतो. शिवाय चाचणी बुद्धिमत्तेच्या एका दाव्याची होती. विवाहयोगाबद्दल ती काहीच सांगत नाही.

संबंधित : फोरर, १९४८. एकच मोघम स्वभाववर्णन ३९ विद्यार्थ्यांना ‘तुमचे’ म्हणून दिले. त्यांनी त्याला ५ पैकी सरासरी सुमारे ४.३ गुण दिले.